विहिरीला दीड फुटी सिमेंट रिंगा किती लागतील? खोली ३४ फूट

माळावरचा
नमस्कार मंडळी. वाळवा तालुक्यात आमचं रान आहे, नदीपासून लांब, माळाच्या अंगाला. ठिबकाला आणि घराला पुरेल अशी लहानशी विहीर यारी लावून पाडली. खड्डा वर सात फूट रुंद, खोली ३४ फूट. वर काळी माती आहे, एखादा वळीव जोराचा झाला की ती आत येणार हे दिसतंच आहे. म्हणून रिंगा टाकायच्या ठरवल्या. आतून पाच फूट, जाडी तीन इंच, उंची दीड फूट अशा पाहून ठेवल्यात.

रिंगवाला म्हणतो, आकडा तुम्ही सांगा, उरलेली रिंग माघारी घेणार नाही. मी ३४ भागिले दीड केलं, बावीस आणि वर थोडं, म्हणजे २३. आबा म्हणतात, "तेवीस कशाला घालतोस लेका, पैसे वर आलेत काय?" पण मग किती, ते काही सांगत नाहीत. बरोबर आकडा काय?

पुणेकर_पण_गावचा
तुमचा हिशेब बरोबर आहे. मी एक्सेलमध्ये टाकून पाहिला, इंचात करून:

```
=ROUNDUP(34*12/18,0)
```

उत्तर २३. पूर्णांकाच्या वर जे काही उरेल ते नेहमी वर ढकलायचं, कारण अर्धी रिंग मिळत नाही. वर कठडा पाहिजे असेल तर दोन वाढवा. २५ सांगून टाका.

भाऊ_इस्लामपूर
तीन फुटी चार रिंगा बास होतात. आमच्या दोन्ही संडासांना तेवढ्याच टाकल्या, दहा वर्षं झाली.

माळावरचा
भाऊ, शोषखड्डा नव्हे, विहीर आहे.

भाऊ_इस्लामपूर
अरे हो. वरचं नीट वाचलंच नाही. चालू द्या.

रिंगवाला_मिरज
मी रिंगा पाडतो, वीसएक वर्षं झाली. पंचवीस घेतल्या तर माझ्यासारख्याचं भलंच होईल, पण आधी चार गोष्टी सांगा.

एक, कठीण खडक किती फुटांवर लागला? दोन, खडकात खड्डा किती रुंद आहे, वरच्यासारखा सात फूटच की आत घेतलाय? तीन, ३४ फूट कुठून मोजले? चार, ज्याच्याकडनं रिंग घेणार त्याच्या रिंगेला खाच आहे का? या चारांची उत्तरं आल्याशिवाय आकडा सांगणारा एकतर देव असेल नाहीतर दलाल.

माळावरचा
दादा, माहिती आहे तेवढी सांगतो. काळी माती ९ फूट. मग मुरूम, १७-१८ फुटांपर्यंत. खाली मांजऱ्या, आणि २० च्या आसपास काळा पाषाण. तिथून खाली ब्रेकर लावून फोडलंय. खडकात साडेचार फुटांवर आत घेतलंय, कारण यारीवाला म्हणाला उगं जास्त फोडून काय करता. त्यामुळे खडकावर चारी बाजूंनी सव्वा फुटाचा कट्टा राहिलाय.

३४ फूट यारीवाल्याने दोरी सोडून सांगितले. खाच आहे का ते बघितलं नाही.

रिंगवाला_मिरज
मग आबांचं बरोबर आहे. रिंग कशासाठी टाकतो आपण? ढासळणारं अंग अडवायला. पाषाण ढासळत नाही, त्याला रिंगेची गरज नाही, आणि तुमच्या साडेचार फुटी भोकात साडेपाच फुटाची रिंग जाणारही नाही. म्हणजे रिंगांची थप्पी त्या कट्ट्यावर बसणार आणि तिथून वर कठड्यापर्यंत येणार. विहिरीची खोली ३४ असो नाहीतर ५४, रिंगेच्या हिशेबात ती येतच नाही. कट्ट्याची खोली येते.

खड्डा खालपर्यंत सात फूटच असता तर गोष्ट वेगळी होती. टेकायला जागाच नाही म्हटल्यावर तळापासून रिंगा लावाव्या लागतात, नाहीतर खडकाच्या तोंडाशी सळई घालून काँक्रीटचा पट्टा बांधावा लागतो. पुणेकर साहेबांचा आकडा त्या विहिरीला लागू आहे, या नाही.

आता दोन कामं करा. यारीवाल्याच्या दोरीवर विश्वास ठेवू नका, स्वतः मोजा. खड्ड्यावर आडवा सरळ बांबू टाका, तो जमिनीच्या लेव्हलला पाहिजे, आणि त्यावरून लोखंडी टेप चारी बाजूंना कट्ट्यापर्यंत सोडा. कट्टा सपाट नसतो, म्हणून चार ठिकाणी. आणि आवारात जाऊन रिंगा मोजून या.

दहिवडीचा_माणूस
आमच्या माणात सहा फुटांवर पाषाण, आमच्याकडं सहाच रिंगा लागल्या, दीड फुटीच. तेवीस ऐकून घाम फुटला.

पुणेकर_पण_गावचा
कट्ट्याचा मुद्दा मान्य, मला ती विहीर डोळ्यांसमोर आली नव्हती. मग समजा २० फूट अधिक अडीच फूट कठडा, साडेबावीस. भागिले दीड, बरोबर १५. शिल्लक काही नाही, वर ढकलायचंही काही नाही. पंधरा घ्या, विषय संपला.

कडेगावची_सून
इतक्यात संपवू नका. आमच्याकडे असंच "कट्ट्यावर बसवा" म्हणून केलं होतं, त्याची कथा ऐका.

आमचा कट्टा पाषाणावर नव्हता, मांजऱ्यावर होता. वाळला की दगडासारखा वाजतो, पहार मारली तरी उडते, त्यामुळे सगळ्यांना वाटलं खडकच लागला. पहिल्या पावसाळ्यात पाणी वर आलं आणि मांजऱ्या एका अंगाने भिजून सुटला. श्रावणात सासरे विहिरीत डोकावले तर वरून चौथ्या सांध्यात एका बाजूला बोट जाईल एवढी फट, आणि समोरच्या बाजूला सांधा घट्ट. म्हणजे खालच्या रिंगा एकीकडे बसल्या होत्या आणि वरच्या मातीला चिकटून अडकून राहिल्या होत्या. त्या फटीतून काळी माती येऊन पाणी चहासारखं झालं. फूटव्हॉल्व दोनदा चोकअप झाला तेव्हा कारण कळलं.

माझं एवढंच म्हणणं आहे की कट्टा कशावर आहे ते बघा. तुमचा मांजऱ्या १८ ते २० च्या मध्ये कुठे संपतो ते नक्की माहीत आहे का?

रिंगवाला_मिरज
ताईंनी खरी गोष्ट सांगितली. मांजऱ्या ओळखायची साधी रीत आहे. ढेकूळ काढून रात्रभर बादलीत पाण्यात टाका. सकाळी कडा सुटून बादलीत गाळ बसला तर तो मांजऱ्या, त्यावर भार द्यायचा नाही. पाषाण तसाच राहतो.

भार किती म्हणाल, तर पाच फुटी, तीन इंच जाड, दीड फूट उंच रिंग चारशे किलोच्या वर भरते. पंधरा-सोळा रिंगा म्हणजे साडेसहा टनांच्या आसपास वजन त्या सव्वा फुटाच्या कट्ट्यावर.

माळावरचा
आज सकाळी मोजलं. शरम वाटते, पण सांगतो. यारीवाल्याने दोरी सोडली होती ती काढलेल्या मुरमाच्या ढिगावर उभं राहून. जमिनीपासून तळ साडेबत्तीस फूट भरला. दीड फूट ढिगाचाच होता.

कट्टा चार बाजूंना असा आला: उत्तरेला २१ फूट, पूर्वेला २० फूट ८ इंच, दक्षिणेला १९ फूट ६ इंच, पश्चिमेला २० फूट २ इंच. म्हणजे दीड फुटाचा उतार आहे. चारी ठिकाणची ढेकळं बादलीत टाकली. तीन तशीच राहिली, दक्षिणेचं वरचं ढेकूळ भुगा झालं. त्याखाली चार-पाच इंचांवर पाषाण आहे, पहारीचा आवाज बदलतो.

रिंगही मोजली. एकूण उंची १८ इंच, पण त्यातच खालच्या अंगाला एक इंचाचा ओठ आहे आणि वरच्या अंगाला तेवढीच खाच. मग २१ धरू की १९.५?

रिंगवाला_मिरज
दोन्ही नाही. जिथे तुम्ही बैठक तयार करणार ती खोली धरायची. दक्षिणेचा मांजऱ्या नाहीतरी काढायचाच आहे, तिथे सहा इंच छाटा, म्हणजे २० ला आलं. उत्तरेला २१ वर आहे तिथे एक फूट काँक्रीट भरून २० ला आणा, बाकीकडे लागेल तेवढं. सगळीकडून सळईचं एक कडं फिरवून सव्वा फूट रुंदीचा पट्टा करा, वरून पाणलेव्हलने बघा. बैठक २० फुटांवर, एका रेषेत. खोली २०, चर्चा बंद.

आता खाच. वरच्या रिंगेचा ओठ खालच्या रिंगेच्या खाचेत बुडतो. तो इंच दोघींत मिळून एकदाच मोजला जातो. म्हणून दीड फुटी रिंग थप्पीत १८ नाही, १७ इंच चढते. तळाच्या रिंगेचा ओठ बैठकीच्या ओल्या मसाल्यात बसवायचा, तोही धरायचा नाही.

पुणेकर साहेब, तुमच्या पंधरा रिंगा १७ इंचांनी २५५ इंच होतात. वीस फूट म्हणजे २४० इंच. जमिनीवर कठडा राहिला सव्वा फूट. शेळीसुद्धा उडी मारेल त्याच्यावरून. कागदावर शिल्लक शून्य आली की माणूस फसतो ते असं.

पुणेकर_पण_गावचा
हार मानली. दुरुस्त सूत्र:

```
=ROUNDUP((20*12+30)/17,0)
```

२७० भागिले १७, पंधरा पूर्णांक अठ्ठ्याऐंशी, म्हणजे १६. सोळा गुणिले सतरा २७२, म्हणजे कठडा ३२ इंच, दोन फूट आठ इंच. आता तरी बरोबर का?

पण एक शंका. सांध्यात मसाला भरतात तो अर्धा इंच तरी असणार. म्हणजे खाचेत गेलेलं निम्मं भरून येतं. मग १७ ऐवजी साडेसतरा का धरू नये?

रिंगवाला_मिरज
सोळा बरोबर. मसाल्याचं अर्धं खरं आहे. जिथे मसाला घालतात तिथे पाव इंच राहतो, बाकीचा वजनाने दाबून बाहेर येतो. आणि तो सगळ्या सांध्यांत नसतो, खालचे सांधे पाणी यायला कोरडे ठेवतात. जे काही दोनेक इंच मिळतील ते कठड्यात जाऊ द्या, रिंगांच्या हिशेबात धरू नका.

खाच किती, साचा फुटात की मिलिमीटरमध्ये, कडा किती झिजल्यात, हे सगळं एकदम निपटायचं असेल तर आवारात पाच रिंगा एकावर एक रचलेल्या शोधा. त्या थप्पीची उंची मोजा, त्यातून एका सुट्या रिंगेची उंची वजा करा, चाराने भागा. जे येईल ती तुमच्या रिंगेची खरी उंची. तुमच्या रिंगेला पाच मिळून ८६ इंच आले पाहिजेत. कमी आले तर मला सांगा, आकडा बदलेल.

कृष्णाकाठ
उशिरा आलो. तुमचं सगळं खडकाच्या विहिरीचं चाललंय. आम्ही पलूस तालुक्यात, नदीपासून चार शेतं अलीकडे. आमच्याकडे पोयटा आणि खाली वाळू, पाषाण कुठाय देव जाणे. कट्टा वगैरे काही नाही. रिंग ठेवायची, आत बसून खालची माती काढायची, रिंग आपल्या वजनाने खाली जाते, वर दुसरी ठेवायची. चार फुटी, एक फूट उंचीच्या, बिनखाचेच्या.

आम्ही हिशेब केला ३०. दिवाळीनंतर काम झालं, पाणी छान, सगळे खूश. चैत्रात विहीर कोरडी. पाणी खाली गेलं होतं. मग परत आत माणूस उतरवून चार फूट वाळू काढली, थप्पी चार फूट खाली गेली, आणि कठडा जमिनीखाली गडप! वर चार रिंगा वाढवाव्या लागल्या, ३४ झाल्या. त्यात मध्ये एकदा थप्पी अडकून तिरकी झाली होती, आठ दिवस काम बंद. तेव्हापासून रोज चारी बाजूंना ओळंबा सोडून बघत होतो, एक इंच फरक दिसला की जी बाजू उंच तिच्याखालची माती आधी काढायची.

म्हणून आमच्याकडच्या लोकांना सांगतो, नदीकाठच्या जमिनीत एकदम सगळ्या रिंगा घेऊ नका. बैठकच नाही तर आकडा आधी कसा कळणार? काम उन्हाळ्यात काढा आणि त्याच साच्याच्या रिंगा नंतर मिळतील याची खात्री करून ठेवा.

भाऊ_इस्लामपूर
आणि पुराचं काय? २०१९ ला आणि २०२१ ला विहिरीवरून पाणी गेलं तुमच्या. कठडा वाढवून घ्यायचा की दोन रिंगांनी.

कृष्णाकाठ
भाऊ, त्या पाण्यात घराचा पहिला मजला बुडाला काही ठिकाणी. दोन रिंगांनी काय होतंय? आम्ही पूर ओसरला की गाळ उपसतो. कठडा माणसा-जनावरासाठी, पुरासाठी न्हाय.

माळावरचा
पाच रिंगांची थप्पी मोजून आलो. ८६ नाही, साडेपंच्याऐंशी आली. एका सुट्या रिंगेची १८. वजा करून चाराने भागलं तर १६ पूर्णांक ८७ पडतात. फरक पडतो का?

रिंगवाला_मिरज
२७० भागिले १६.८७, सोळाच येतात. थप्पी २७० इंचांच्या काठावर बसते. कठडा अडीच फुटांच्या जवळपास येईल, घ्या सोळाच. दोन फुटांच्या खाली गेला असता तर सतरा म्हटलं असतं.

सोळा एकाच जातीच्या मागू नका मात्र. पाणी कुठल्या थरातून येतंय?

माळावरचा
मुरमाच्या खालच्या अंगाला, १२ फुटांपासून पाझर दिसतो. मांजऱ्यात जास्त. खडकात खाली एक चीर आहे, तिथूनही येतं.

रिंगवाला_मिरज
मग १२ पासून २० पर्यंत आठ फूट, म्हणजे ९६ इंच. सतराने भागलं की साडेपाच-पावणेसहा. तळाच्या सहा रिंगा भोकं असलेल्या घ्या, सांधे कोरडे, आणि मागे जी नऊ इंचांची पोकळी राहते त्यात खडी भरा. सव्वा ब्रास लागेल. वरच्या दहा भरीव, सांध्यात मसाला, मागे मुरूम थराथराने ठोकून. काढलेली काळी माती मागे लोटू नका. ती भिजली की फुगते आणि रिंगेला दाबते, वाळली की भेगा पडून वरचं घाण पाणी थेट आत.

कडेगावची_सून
मला नाही पटत. खाली बारा फूट उघडा पाषाण आहे, चिरेतून पाणी येतंच आहे. मग भोकं कशाला? आमच्या विहिरीत भोकांतूनच बारीक मुरूम येत होता. सगळ्या भरीव घ्या, खालून येईल तेवढं पाणी स्वच्छ.

रिंगवाला_मिरज
ताई, तुमच्याकडे मागे खडी होती की नुसता मुरूम लोटला होता?

कडेगावची_सून
खडी होती म्हणतात. मी बघितली नाही.

रिंगवाला_मिरज
आणि भोकं बंद केली की पाणी रिंगेच्या मागे साचतं, बाहेरून दाब येतो. उन्हाळ्यात विहीर उपसली की आतून आधार नाही. माझ्या मते भोकं पाहिजेतच.

दहिवडीचा_माणूस
आमच्या सहाही भरीव आहेत, काय झालं नाही अजून. पण आमच्याकडं मागं पाणीच नसतंय, दाब कुठनं येणार.

माळावरचा
सोळा सांगितल्या, सहा भोकांच्या, दहा भरीव. बैठकीचं काँक्रीट टाकून झालं, दहा दिवस पाणी मारतोय. काल ट्रॉली आली, दोन खेपांत. उतरवताना एक भोकाची रिंग पहारीवरून घसरली आणि तिचा हातभर ओठ तुटला. रिंगवाला म्हणतो बाकी अंग शाबूत आहे, चालेल. सतरावी मागवू का?

रिंगवाला_मिरज
तडा आतपर्यंत गेलाय का ते बघा, भिजवून. ओली रिंग वाळत येते तेव्हा तडा काळ्या रेघेसारखा दिसतो. रेघ नसेल तर ती सगळ्यात खाली घाला. तिथला ओठ मसाल्यातच बुडायचा आहे.

माळावरचा
भिजवली. रेघ नाही. सोमवारी चेनपुली लावून पहिली तीच उतरवणार. आबा विचारतायत, भोकाचा वाद मिटला का?

कडेगावची_सून
नाही.